टेन्साइल टेस्टच्या आकड्यांतून `K` आणि `n` काढताना: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या धातुचाचणी प्रयोगशाळेत मी काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत पत्र्याचे प्रमाण मोठे असते आणि प्रेसचे काम करणाऱ्या कारखान्यांचा प्रश्न बहुधा एकाच स्वरूपाचा असतो: हा पत्रा दाबताना दहा टक्के कायमचा ताणला गेला, तर त्या अवस्थेत त्याला पुढे वाकवायला किती स्ट्रेस लागेल? यील्ड स्ट्रेंथ आणि अल्टिमेट स्ट्रेंथ एवढे दोन आकडे देऊन हे उत्तर मिळत नाही. त्यासाठी मधला सगळा वक्र एका सूत्रात बसवावा लागतो. डीप ड्रॉइंगच्या मऊ, कमी कार्बनच्या पोलादाला हॉलोमन यांनी १९४५ मध्ये मांडलेले सूत्र चांगले लागू पडते.

```
σ = K · εp^n
```

यात `σ` हा ट्रू स्ट्रेस, `εp` हा ट्रू प्लास्टिक स्ट्रेन, `n` हा स्ट्रेन हार्डनिंगचा घातांक आणि `K` हा `εp` एक असताना सूत्रातून निघणारा स्ट्रेस आहे. दोन्ही बाजूंचा लॉगॅरिदम घेतला की सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे `n`, आणि ती जिथे उभा अक्ष छेदते त्यावरून `K` निघतो.

मशीन जो वक्र पडद्यावर दाखवते तो इंजिनिअरिंग स्ट्रेस आणि इंजिनिअरिंग स्ट्रेनचा असतो, म्हणजे भार मूळ क्षेत्रफळाने भागलेला आणि लांबीतली वाढ मूळ गेज लांबीने भागलेली. पट्टी मात्र ताणताना बारीक होत जाते, म्हणून फिट करण्याआधी हे आकडे बदलून घेणे अनिवार्य आहे. एका पत्र्याच्या चाचणीतील पाच बिंदू उदाहरणादाखल घेऊ: ४, ७, १०, १४ आणि १८ टक्के स्ट्रेनला अनुक्रमे २४८, २७३, २८६, २९६ आणि ३०२ मेगापास्कल. दहा टक्क्यांच्या बिंदूवर ट्रू स्ट्रेस २८६ × १.१० म्हणजे ३१४.६ मेगापास्कल होतो आणि ट्रू स्ट्रेन १.१० चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ०.०९५३. त्यातून भार काढल्यावर परत जाणारा लवचिक भाग, म्हणजे ३१४.६ भागिले पोलादाचा यंग्ज मॉड्युलस २,००,००० मेगापास्कल, सुमारे ०.००१६ वजा केला की प्लास्टिक स्ट्रेन ०.०९३७ उरतो. हेच सगळ्या बिंदूंना करून रेषा बसवायला एवढा कोड पुरतो:

```python
import numpy as np
e = np.array([0.04, 0.07, 0.10, 0.14, 0.18])
s = np.array([248, 273, 286, 296, 302])
sig = s*(1 + e)
ep = np.log(1 + e) - sig/200000
n, lnK = np.polyfit(np.log(ep), np.log(sig), 1)
K = np.exp(lnK)
print(n, K, K*0.10**n)
```

उत्तर येते `n` ०.२२, `K` ५३० मेगापास्कल आणि ०.१० प्लास्टिक स्ट्रेनला ३१९ मेगापास्कल.

आता हेच पाच बिंदू रूपांतर न करता, इंजिनिअरिंग आकड्यांवरच बसवले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. `n` ०.१३ येतो, `K` ३८३, आणि ०.१० ला स्ट्रेस २८३ मेगापास्कल, म्हणजे योग्य उत्तरापेक्षा अकरा टक्क्यांनी कमी. त्यातही घातक गोष्ट अशी की या चुकीच्या रेषेचा `R²` ०.९८ येतो आणि आलेखावर ती नवख्या डोळ्याला छान दिसते. लॉग-लॉग कागदावर बहुतेक चढते वक्र सरळ भासतात, म्हणून केवळ `R²` बघून अहवालावर सही करू नये.

याहून भरवशाची तपासणी चाचणीतच दडलेली असते. सूत्र खरे असेल तर कमाल भार तेव्हा येतो जेव्हा ट्रू स्ट्रेन जवळपास `n` एवढा होतो. त्या क्षणापासून पट्टी एका जागी आवळू लागते, ज्याला नेकिंग म्हणतात. `n` ०.२२ धरला तर कमाल भार सुमारे २४ ते २५ टक्के इंजिनिअरिंग स्ट्रेनला यायला हवा, आणि या पट्टीचा तो तिथेच, ३०५ मेगापास्कलला आला. `n` ०.१३ असता तर भार १४ टक्क्यांच्या आसपासच उतरू लागला असता. पण आपल्या आकड्यांत १४ ते १८ टक्क्यांमध्ये तो २९६ वरून ३०२ वर चढलेला स्पष्ट दिसतो. फिट आणि चाचणी यांचा असा विरोध दिसला की आधी रूपांतर तपासावे.

कोणते बिंदू घ्यायचे, हा निर्णय माझ्या मते सूत्रापेक्षाही महत्त्वाचा आहे. मऊ पोलादाच्या वक्रात यील्डनंतर कधीकधी एक सपाट तुकडा असतो, जिथे पट्टी एकसारखी ताणली न जाता ल्यूडर्स पट्टे तिच्यावरून सरकत जातात. तो भाग फिटमध्ये घेतला तर रेषा खालच्या टोकाला वाकते. दुसऱ्या बाजूला नेकिंगनंतरचे बिंदूही घेता येत नाहीत, कारण एक्स्टेन्सोमीटर सबंध गेज लांबीची सरासरी मोजत असतो आणि खरा स्ट्रेन आवळलेल्या जागी कितीतरी जास्त असतो. म्हणून सपाट भाग संपल्यावर सुरुवात करून कमाल भाराच्या थोडे आधी थांबावे. स्ट्रेन ग्रिपच्या हालचालीवरून काढला असेल, तर मशीनचा आणि जबड्यांतला ढिलेपणा त्यात मिसळतो. सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ २,००,००० मेगापास्कलच्या जवळपासही नसेल तर हेच घडले आहे असे समजावे.

इथल्या हवेमुळे एक गोष्ट आम्हाला विशेष जपावी लागते. पावसाळ्यात कापलेली पट्टी तेल न लावता ठेवली तर तिच्यावर लगेच गंज धरतो, आणि तो न पुसता मायक्रोमीटर लावला तर ०.८० मिलिमीटरचा पत्रा ०.८२ भरू शकतो. क्षेत्रफळ अडीच टक्क्यांनी जास्त धरले गेल्याने सर्व स्ट्रेस त्याच प्रमाणात कमी निघतात: `K` ५३० चा ५१७ होतो आणि ३१९ चे उत्तर ३११ वर येते, पण लॉगमध्ये सगळी रेषा नुसती खाली सरकत असल्याने `n` ०.२२ च राहतो आणि कमाल भाराची वर सांगितलेली तपासणीही बिनबोभाट पार पडते. ही चूक फिटमधून कधीच उघडकीस येत नाही, म्हणून जाडी स्वच्छ पट्टीवर आणि तीन ठिकाणी मोजावी.

सूत्र कुठवर चालते हेही विचारणाऱ्याला सांगावे लागते. या पत्र्याची मोजलेली यील्ड स्ट्रेंथ १८५ मेगापास्कल होती, तर ०.००२ प्लास्टिक स्ट्रेनला हेच सूत्र १३५ देते. खालच्या टोकाला ते वापरायचे नाही. वर ०.५० ला ते ४५५ देते, पण तिथवर आपला एकही बिंदू नाही आणि मोठ्या स्ट्रेनला पुष्कळ धातूंची कठीण होण्याची गती घातसूत्राने सांगितल्यापेक्षा मंदावते. ०.१० मात्र आपल्या बिंदूंच्या मधोमध पडतो, त्यामुळे ३१९ हा आकडा निर्धास्त देता येतो. अहवालात आम्ही त्याच्याबरोबर `K`, `n`, फिटची ४ ते १८ टक्के ही व्याप्ती, पट्टी रोलिंगच्या दिशेला की आडवी कापली होती ते, आणि `K`, `n` प्लास्टिक स्ट्रेनवर काढले आहेत की एकूण स्ट्रेनवर, हे सारे लिहितो, कारण शेवटचा तपशील गाळला तर घेणारा तेच आकडे दुसऱ्या स्ट्रेनसाठी वापरू शकतो.