पावसाळ्यात म्हशीची फॅट आणि पावतीवरचा हिशोब

आषाढ लागला की जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पट्ट्यात बांधावर कवळं गवत माजतं, म्हशी दुधाला वाढतात आणि तरीही दहा दिवसांचा दुधाचा पगार हातात आला की काहीतरी कमी वाटतं. दूध वाढलेलं असतं, फॅट उतरलेली असते. त्यामुळे या दिवसांत लिटरपेक्षा पावतीवरच्या फॅटच्या आकड्यावर जास्त लक्ष ठेवा.

म्हशीच्या दुधाचा हिशोब सोपा आहे: लिटर गुणिले फॅट गुणिले एका फॅटचा दर. समजा दर एका फॅटला 8 रुपये आहे (तुमच्या डेअरीचा वेगळा असेल, तो इथे घाला). सकाळी 6 लिटर दूध गेलं, फॅट लागली 6.2. म्हणजे लिटरला 49 रुपये 60 पैसे आणि सकाळचे 297 रुपये 60 पैसे. संध्याकाळी 5 लिटर, फॅट 7.0. लिटरला 56 रुपये, एकूण 280. दिवसाचे झाले 577 रुपये 60 पैसे.

इथे बरेच जण दोन्ही वेळच्या फॅटची सरासरी 6.6 काढून तिने 11 लिटरला गुणतात. उत्तर येतं 580 रुपये 80 पैसे, आणि मग डेअरीशी उगाच वाद होतो. सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, म्हणून खरी सरासरी 6.56 च्या आसपास येते. दोन वेळचा हिशोब वेगळाच करावा. पण याची दुसरी बाजूही आहे. संध्याकाळचं सॅम्पल न घेता दिवसभराचं दूध सकाळच्याच फॅटवर लावलं, तर 545 रुपये 60 पैसेच मिळतात. एका दिवसात 32 रुपये गेले. दोन्ही वेळची स्वतंत्र फॅट पावतीवर आहे ना, एवढं रोज बघा.

आमच्याकडे तोंडी बोलताना ‘पॉइंट’ म्हणजे फॅटचा दशांश. या दराने एक पॉइंट म्हणजे लिटरला 80 पैसे. ऐकायला किरकोळ, पण 11 लिटरवर रोजचे 8 रुपये 80 पैसे आणि महिन्याचे 264 होतात. मशीनवर 6.28 दिसत असताना पावतीवर 6.2 लिहिलं जात असेल, तर जवळजवळ एक पॉइंट तिथेच गेला. तसंच मापाचं. 1 लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं. दर लिटरचा आणि काटा किलोचा असेल, तर काट्यावरच्या किलोला 1.03 ने भागून लिटर धरलं जातं, ते बरोबरच आहे. पण दर किलोचा असून लिटर मांडले जात असतील, तर शंभराला तीन रुपये तुमचे जातात.

फॅट अचानक 5 पॉइंटने पडली, तर आधी सॅम्पल तपासा. बरणीत दूध अर्धा तास उभं राहिलं की साय वर चढते, मग तळातून घेतलेल्या सॅम्पलला फॅट कमी लागते. चार-पाच वेळा पळीने खालवर करूनच सॅम्पल घ्यायला सांगा. फेस असलेलं किंवा फार गार दूध मशीनला दिलं तरी आकडा चुकतो. एकाच ढवळलेल्या दुधाच्या दोन बाटल्या भरून लागोपाठ लावा. आकडे एका पॉइंटच्या आत जुळले नाहीत, तर तेच दूध गर्बर पद्धतीने तपासून मागा.

दोन्ही आकडे जुळले आणि तरी कमीच आले, तर कारण गोठ्यात आहे. आमच्या एका म्हशीची फॅट श्रावणात 6.6 वरून 6.2 वर आली होती. दोन कारणं सापडली. पहिलं, रेडकू शेवटी सोडत होतो. पहिल्या धारेत फॅट कमी असते, जास्त मलई शेवटच्या धारांत येते, आणि तीच रेडकाच्या पोटात जात होती. आता पान्ह्यापुरतं आधी पाजतो आणि सड पूर्ण रिकामे करतो. रेडकाला त्याच्या वाटणीचं दूध नंतर मोजून देतो.

दुसरं कारण चारा. कवळ्या गवतात पाणी फार आणि तंतू कमी. म्हैस रवंथ कमी करते, आणि तंतू कुजून पोटात जे आम्ल तयार होतं, ज्यातून दुधाची फॅट बनते, ते घटतं. दुपारी बसलेली म्हैस निवांत रवंथ करताना दिसत नसेल आणि शेण पातळ पडत असेल, तर हेच समजा. सकाळी गवताआधी कोरडा कडबा टाका, मोठ्या म्हशीला दिवसाचा 4 ते 5 किलो. कुट्टी बोटाच्या दोन पेरांएवढी ठेवा, भुशासारखी बारीक केली तर रवंथच होत नाही. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. पेंड वाढवून फॅट चढवायला जाऊ नका, कोरडा चारा कमी असताना जास्त पेंडीने ती आणखी उतरते. बुरशी लागलेला, भिजलेला कडबा मात्र गव्हाणीत टाकूच नका.