पेडिग्री तक्ता कसा वाचावा: राणी व्हिक्टोरियाच्या घराण्यातला हिमोफिलिया

आनुवंशिक सल्लागार आजाराचा इतिहास विचारताना कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढत जातात. तो तक्ता वाचायला शिकण्यासाठी राणी व्हिक्टोरियाचं घराणं घेऊ. जखमेतलं रक्त लवकर न थांबणारा हिमोफिलिया तिथे अनेक राजघराण्यांत पसरला, आणि कोण कुणाचं मूल हे पक्कं नोंदलेलं आहे.

आधी खुणा. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. आत रंग भरलेला असेल तर त्या व्यक्तीला आजार आहे. मधोमध ठिपका असेल तर ती वाहक आहे, म्हणजे दोष जवळ आहे पण आजार नाही. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे जोडपं. तिथून खाली उतरणाऱ्या रेघेवर मुलं, थोरलं डावीकडे. खुणेवरून गेलेली तिरकी रेघ म्हणजे व्यक्ती हयात नाही. बाण ज्याच्याकडे आहे, त्याच्यामुळे तपासणी सुरू झाली. आडवी रेघ दुहेरी असेल तर लग्न नात्यात झालं आहे.

आता पहिला प्रश्न: निरोगी आईवडिलांना आजारी मूल झालं आहे का? झालं असेल तर दोष बहुधा अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाची एक चांगली प्रत सोबत असली की तो झाकला जातो. प्रभावी दोषाची एकच प्रत आजाराला पुरते, त्यामुळे आजारी मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण सहसा आजारी असतो आणि आजार पिढीमागून पिढी दिसत राहतो. उलट, आईवडील दोघंही आजारी आणि मूल निरोगी असेल, तर दोष प्रभावी मानावा.

व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट दोघंही निरोगी, पण नऊ मुलांपैकी लिओपोल्डला हिमोफिलिया. म्हणजे दोष अप्रभावी. इथेच घाई होते, कारण या जोडप्याची रेघ दुहेरी आहे. अल्बर्ट हा व्हिक्टोरियाचा सख्खा मामेभाऊ. नात्यातल्या लग्नात एकच अप्रभावी दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे दुहेरी रेघ दिसली की साधा अप्रभावी वारसा असं ठरवून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका, खालच्या पिढ्या वाचा.

लिओपोल्डच्या बहिणी अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस निरोगी, पण दोघींच्याही मुलांत हिमोफिलिया आला. अ‍ॅलिसची मुलगी अ‍ॅलिक्स रशियाची झारीण झाली. तिचा मुलगा अलेक्सेई आजारी. बिअ‍ॅट्रिसची मुलगी स्पेनची राणी झाली. तिचे दोन मुलगे आजारी. साधा अप्रभावी वारसा मानला तर मूल आजारी व्हायला दोष वडिलांकडूनही यावा लागतो. म्हणजे या चौघींचे नवरे, हेस, बॅटनबर्ग, रशिया आणि स्पेन इथले चारही जावई, योगायोगाने त्याच दुर्मीळ दोषाचे वाहक असायला हवेत. हे पटण्यासारखं नाही. शिवाय भरलेल्या खुणा सगळ्या चौकोनी आहेत, आणि प्रत्येकाला दोष आईकडून आलेला दिसतो.

दोष एक्स या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर आहे असं धरलं की सगळं जुळतं. पुरुषाकडे एकच एक्स असतो, तोही आईकडून येतो. त्यावर दोष असला की आजार होतो. स्त्रीकडे दोन असल्याने एक चांगला असला तर ती सहसा वाहकच राहते. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. बाप आपला एक्स मुलाला देतच नाही, म्हणून लिओपोल्डचा मुलगा निरोगी. मुलीला मात्र तो द्यावाच लागतो, म्हणून त्याची मुलगी वाहक आणि तिचा मुलगा रुपर्ट आजारी. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, अलेक्सेईच्या रोमानोव्ह कुटुंबाच्या अवशेषांवरील डीएनए तपासणीत एक्सवरच्या एफ९ जनुकातला दोष सापडला. हा हिमोफिलियाचा ‘बी’ प्रकार.

तुमच्या तक्त्यात एखादं वर्तुळ भरलेलं असेल तर लगेच तिच्या वडिलांचा चौकोन बघा. आजार अप्रभावी आणि वडील निरोगी, तर एक्सचा वारसा जवळजवळ बाद. वडील आजारी असतील तर तो शक्य आहे, आणि आपल्याकडे हे विशेष तपासावं. समजा, हिमोफिलिया असलेल्या मुलाचं लग्न मामेबहिणीशी झालं आणि मामालाही तोच आजार होता. मामाची मुलगी नक्की वाहक, म्हणून या जोडप्याच्या प्रत्येक मुलीला आजाराची शक्यता निम्मी. प्रभावी आजारात मात्र बापाकडून मुलाकडे वारसा स्पष्ट दिसला, की एक्स बाजूला ठेवावा.

लहान कुटुंबात तक्ता इतकं बोलत नाही. निरोगी आईवडिलांचा एकच मुलगा आजारी असेल तर साधा अप्रभावी, एक्सचा किंवा नव्याने उद्भवलेला दोष, तिन्ही शक्यता उरतात. खुद्द व्हिक्टोरियाच्या वडिलांना हिमोफिलिया नव्हता आणि आईच्या माहेरीही त्याची नोंद नाही. त्यामुळे तो दोष बहुधा तिच्यापासून किंवा तिच्या आईपासून नव्यानेच सुरू झाला. अशा ठिकाणी निर्णय तक्त्यावर न सोडता रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी.