वजन उतरल्यावर भूक खवळते, तेव्हा या चुका टाळा

आठ-दहा किलो वजन उतरलं की बऱ्याच जणांना एक गोष्ट खटकते. जेवण तेवढंच असतं, पण भूक आधीपेक्षा जास्त लागते, आणि पोट भरलं तरी मन भरत नाही. इथेच पहिली चूक होते, ती म्हणजे हा मनाचा कमकुवतपणा समजणं.

खरं कारण चरबीत आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन बनवतात. रक्तातलं लेप्टिन मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाला साठा किती आहे ते सांगतं. खाणं कमी केलं की ते चरबीपेक्षाही वेगाने घटतं, म्हणून मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. दुसरीकडे जठरातून येणारं घ्रेलिन वाढतं. ते जेवणाआधी चढतं, जेवल्यावर उतरतं, आणि भूक जागी करतं. आतड्यातून येणारं पीवायवाय हे पोट भरल्याचा निरोप देणारं हार्मोन मात्र कमी होतं.

हे आठवड्याभरात सुरळीत होईल, असं धरून चालणं ही दुसरी चूक. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी १० आठवड्यांत सरासरी साडेतेरा किलो वजन कमी केलं. सुरुवातीपासून ६२ आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही लेप्टिन व पीवायवाय कमी, घ्रेलिन जास्त आणि भूकही जास्तच होती. तोवर सरासरी साडेपाच किलो वजन परतही आलं होतं. म्हणून ठरलेलं वजन गाठलं की डाएट संपलं, हा हिशेब चालत नाही.

आकड्यांत बघू. एका अभ्यासातल्या अंदाजानुसार, उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते, तर शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. समजा, कुणाचं वजन ७८ वरून ७० किलोवर आलं आणि आधी २,००० कॅलरींत ते स्थिर राहायचं. आता गरज १,८०० च्या आसपास असेल. भूक मात्र आधीच्या खाण्यापेक्षा ८०० कॅलरी जास्त मागेल. हे गणित ढोबळ आहे, माणसागणिक बदलतं, पण ओढ कुठल्या दिशेला आहे ते यातून कळतं.

यावर सर्वांत नुकसान करणारा उपाय म्हणजे आणखी खाणं तोडणं. सकाळी फक्त चहा, दुपारी सॅलड, आणि मग रात्री नऊला फरसाणाचा डबा उघडला जातो. दिवसभर टाळलेली भूक एकदमच वसूल होते. त्यापेक्षा गरजेहून कमी खाण्याची मोहीम थांबवा आणि गरजेइतकं खा. वरच्या उदाहरणात ते १,८०० कॅलरी. दोन-तीन आठवडे तेच ठेवून, रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी बघा. एका दिवसाचा काटा मिठामुळे आणि पाण्यामुळे वरखाली होतो, त्यावर निर्णय घेऊ नका.

ताटात काय आहे यानेही फरक पडतो. नुसते कांदेपोहे आणि चहा घेतला तर त्यात प्रथिनं फार थोडी असतात, आणि दोन तासांत पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं. ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून, मोड आणून उसळ केली तर सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत वाटीभर दही आणि एक भाकरी घेतली की १८ ते २० ग्रॅमपर्यंत पोहोचता. प्रथिनांनी घ्रेलिन चांगलं दबतं, आणि उसळीतल्या फायबरमुळे पोट सावकाश रिकामं होतं. जेवायला वीसेक मिनिटं द्या. आतड्यातून निघालेला निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि आपण तोवर दुसरी पोळी संपवलेली असते. जेवणाच्या वेळाही शक्यतो ठरावीक ठेवा, कारण घ्रेलिन सवयीच्या वेळेलाच चढतं.

झोप तोडणं हीही चूकच. एका छोट्या अभ्यासात दोन रात्री फक्त चार-चार तास झोपलेल्या निरोगी तरुणांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं.

वजन उतरवायला सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर ते अचानक बंद करू नका. एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. डोस कमी करायचा की चालू ठेवायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर प्रत्येक भूक लेप्टिनच्या खात्यावर टाकू नका. अचानक भूक, सोबत थरथर, घाम, धडधड असेल तर ग्लुकोमीटरने साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि औषधाच्या डोसबद्दल डॉक्टरांना कळवा. वजन उतरल्यावर जुना डोस जास्त ठरू शकतो, तो बदलावा लागू शकतो.