गणपती झाले की जर्मनीला निघतोय, आणि नाही, 47 लाख मिळणार नाहीत

तर भावांनो, व्हिसा आला. विसर्जन झालं की निघायचं. शिरोलीच्या फाउंड्रीत सहा वर्षं कास्टिंगचे डिफेक्ट मोजले, आता तेच काम जर्मनीतल्या एका फाउंड्रीत करायचंय. खरं सांगायचं तर पासपोर्ट हातात आला त्या दिवशी रंकाळ्याला एकट्यानंच दोन फेऱ्या मारल्या, घरी सांगायच्या आधी.

कट्ट्यावर मात्र बातमी माझ्याआधी पोहोचली होती. "47 लाखाचं पॅकेज!" हे गणित कुणी केलं ते मला माहीत आहे. वर्षाला 47 हजार युरो, गुणिले शंभर. आता खरं ऐका. महिन्याला पडतात साधारण 3,900 युरो, पण अविवाहित माणसाच्या हातात त्यातले अडीच हजारांच्या आसपासच येतात. बाकीचे कर, आरोग्य विमा, पेन्शन आणि बेरोजगारी विम्यात जातात. त्यातून भाडं द्यायचं. जाहिरातीत 'काल्ट' म्हणून जो आकडा असतो त्यात हीटिंग-पाणी धरलेलं नसतं, 'वार्म' आकडा विचारायचा. शिवाय डिपॉझिट तीन काल्ट भाड्यांपर्यंत मागू शकतात. म्हणजे पहिले काही महिने पार्टी मागायची नाही.

हाच 47 चा आकडा व्हिसालाही नडला असता. मी ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांना तिथं मिळणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज केला. 2025 साली त्याची नेहमीची किमान पगारमर्यादा वर्षाला 48,300 युरो होती, मी तिच्या खाली. पण इंजिनिअर तिथं तुटवड्याच्या यादीत आहेत, त्यांना त्या साली 43,759.80 पुरत होते. फरक एवढाच की कमी मर्यादेतून गेलात तर त्यांच्या रोजगार खात्याची संमती लागते, आणि त्यात वेळ जातो. तेव्हा ऑफर आल्या आल्या राजीनामा देऊ नका. मी व्हिसा हातात आल्यावर दिला.

ज्युनिअर पोरं विचारतायत, "दादा, डिग्री चालते का आपली?" त्यासाठी anabin नावाची त्यांची साइट आहे. तिथं कॉलेजचं नाव शोधत बसू नका, सापडणार नाही. पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते शोधा आणि त्यापुढं H+, म्हणजे मान्यताप्राप्त, दिसतंय का बघा. मग पदवीची नोंदही वेगळी बघायची, आणि दोन्ही पानांची प्रिंट अर्जाला जोडायची. पदवीची नोंद सापडली नाही तर ZAB या परदेशी पदव्या तपासणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाकडून पदवीच्या तुलनेचं पत्र मागवावं लागतं. त्याला पैसे पडतात आणि वेळही जातो.

माझं घोडं अडलं ते भलतीकडंच. नावात. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दुसऱ्या रकान्यात माझं नाव नि बाबांचं नाव एकत्र. कंपनीनं करारावर बाबांचं नाव गाळलं. त्यांच्या दृष्टीनं ते माझं मधलं नाव, नसलं तरी चालतं! मुंबईची अपॉइंटमेंट चार दिवसांवर आल्यावर हे माझ्या लक्षात आलं. रात्री मेल टाकला, दुरुस्त करार आदल्या दिवशी दुपारी आला आणि मी तसाच महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसलो. ऑफर आली की पासपोर्टचं पहिलं पान कंपनीला पाठवा आणि यावर आहे अगदी तसंच लिहा म्हणून सांगा. आता तिकडच्या सगळ्या कागदांवर बाबांचं नाव माझं दुसरं नाव म्हणून लागणार. बाबांना हे सांगितलं, तर ते दिवसभर मिशीत हसत होते.

तिथं उतरल्यावरचं एक काम आधीच कळून घेतलंय. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मग टॅक्स नंबर पोस्टानं येतो. पत्रपेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि नंबर मिळेपर्यंत पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. म्हणून बॅगेत चटणीच्या पुडीशेजारी एक मार्कर पेन टाकलंय.

आता तुमचं. "गेला तो गेला" असं जो म्हणाला त्याला सांगतो, करारात वर्षाला 30 दिवस भरपगारी रजा आहे. त्यातली काही नाताळच्या बंदमध्ये जाईल, तरी पुढच्या गणपतीला मी इथं असेन. रजा आत्ताच कळवून ठेवलीय. आईचं बी.पी. दर महिन्याला बघायचं काम ज्यानं अंगावर घेतलंय त्याला माझी गाडी वापरायची परवानगी आहे, पेट्रोल स्वतःचं.

आणि कट्टा. तुम्ही रात्री साडेआठला बसता तेव्हा माझ्याकडं संध्याकाळचे पाच वाजलेले असतील, मी नुकताच सुटलेला असेन. व्हिडिओ कॉल लावा, फोन मिसळीच्या ताटाजवळ ठेवायचा नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र तिथली घड्याळं तासभर मागं जातात, मग तुमच्या साडेआठला मी अजून प्लांटमध्येच. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत साडेनऊला बसा, आणि घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.