ऑडिटच्या आक्षेपाला उत्तर लिहिताना

समजा आक्षेप असा आहे: 'बिलाचे पैसे 12 तारखेला दिले, माल मिळाल्याची नोंद मात्र 15 तारखेची.' आपला हात लगेच लिहितो, 'कामाच्या गडबडीत नोंद राहिली, गैरप्रकार झालेला नाही.' गैरप्रकाराचा आरोप कुणी केलेलाच नव्हता! हे वाक्य आधी खोडा.

पहिल्याच ओळीत सांगा की तारखांतला फरक बरोबर आहे. मग पुरावा, अगदी पानासकट: 'माल 11 तारखेला आला. आवक नोंदवही, पान 46, नोंद 3. सही केलेले डिलिव्हरी चलन, जोडपत्र 1. साठा नोंदवहीत नोंद 15 तारखेला, म्हणजे चार दिवस उशिरा झाली.' नुसते 'कागदपत्रे सोबत जोडली आहेत' लिहिले, तर तपासणाऱ्याला गठ्ठा चाळावा लागतो आणि आक्षेप बहुधा तसाच उघडा राहतो.

चलनावर तारीख नसेल तर आता घालू नका; तसे उत्तरातच लिहा. मागाहून घातलेली तारीख साध्या उशिराला बनावट कागदाचे रूप देते.

शेवटी सुधारणा, तीही तपासता येईल अशी: 'साठा नोंदीचा पान क्रमांक बिलावर असल्याशिवाय लेखा शाखा बिल पास करणार नाही, आदेशाची प्रत, जोडपत्र 2.'