हिशेबाच्या छोट्या ॲपचे तीन प्लॅन: नावे आणि एका ओळीचा फायदा कसा लिहावा

नावे सुचवायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: खालच्या प्लॅनमधून वरच्यात जाताना नेमके काय वाढते? बिलांची संख्या, बँक खात्यांची संख्या, अहवाल आणि माणसे हे सगळे एकदम वाढत असेल, तर कोणतेही नाव नेमके बसत नाही आणि फायद्याची ओळ लांबत जाते. म्हणून वाढीचे माप एकच ठेवा. हिशेबाच्या छोट्या ॲपसाठी सर्वांत पक्के माप म्हणजे वहीला हात लावणारी माणसे. एकटा माणूस बिले करतो आणि खर्च लिहितो. हिशेबनीस आला की बँकेच्या नोंदींशी जुळवणी सुरू होते. चार-पाच जण नोंदी करू लागले की कोणी काय बदलले, हे कळणे गरजेचे होते. माणसे वाढली की कामाचे स्वरूप बदलते, आणि तो बदल नावात पकडता येतो.

पायरी १: कोणत्या गोष्टी विकायच्या नाहीत ते ठरवा

आपला डेटा फाइलमध्ये उतरवून घेणे, बॅकअप, आणि नफा-तोटा पत्रक व ताळेबंद बरोबर निघणे या गोष्टी तिन्ही प्लॅनमध्ये असाव्यात. सर्वांत वरच्या प्लॅनखाली ‘सुरक्षित बॅकअप’ असे लिहिले, की वाचणारा लगेच ताडतो की खालच्या दोन्हींत त्याचा हिशेब सुरक्षित नाही. पैशांच्या बाबतीत ही शंका एकदा आली की तो कोणताच प्लॅन घेत नाही.

पायरी २: नाव शोधा, आणि ते वाक्यात वापरून पाहा

‘मूळ, मध्यम, प्रगत’ या नावांतून क्रम कळतो, पण आपण कुठे बसतो ते कळत नाही. धातू-रत्नांच्या नावांचेही तेच. हिशेबाच्या जगातली एक मोहात पाडणारी त्रयी आहे: रोजमेळ, खतावणी, ताळेबंद. ऐकायला ती सुरेख आहे आणि क्रमही खरा आहे. तरीही ती घेऊ नये. ही तिन्ही कामे प्रत्येक ग्राहकाला लागतात. ‘ताळेबंद’ हे तिसऱ्या प्लॅनचे नाव ठेवले, तर पहिल्या प्लॅनमध्ये ताळेबंद मिळतच नाही असा अर्थ निघतो.

आपले माप माणसांचे आहे, तर नावही माणसांवरून घ्यावे: एकहाती, जोडी, पेढी. पहिल्यासाठी ‘एकटा’ हा शब्द आधी सुचतो, पण तो पुल्लिंगी आहे. स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या बाईला तो आपला वाटणार नाही. ‘एकहाती’ला लिंग नाही, आणि ‘सगळा कारभार एकहाती सांभाळते’ या वाक्यात कौतुकही असते.

मराठीत नावाची खरी कसोटी विभक्तीत लागते. ग्राहक प्लॅनचे नाव कधी नुसते घेत नाही. ‘जोडीवर जायचे आहे’, ‘पेढीत काय मिळते’ असे विचारतो. म्हणून प्रत्येक नावाला ‘-त’, ‘-वर’, ‘-चा’ लावून मोठ्याने वाचा. ‘पाया’ हे नाव कागदावर चांगले दिसते, पण त्याचे ‘पायावर’ झाले की पाया की पाय, ते कळत नाही. ‘सोपे’चे ‘सोप्यावर’ होते आणि मूळ शब्द ओळखू येत नाही. जोडी आणि पेढी मात्र प्रत्यय लागूनही तशाच राहतात.

अशा नावाची एक किंमत असते: ते तुम्हाला बांधून घालते. ‘जोडी’मध्ये उद्या तिसऱ्या माणसाला जागा दिली, तर नाव खोटे पडते. मालक आणि हिशेबनीस ही दोन माणसे पक्की ठरली असतील तरच ते घ्यावे. नुसते बघू शकणाऱ्या, नोंद न करणाऱ्या माणसाला मोजणीत धरू नये, म्हणजे ही अडचण बरीच कमी होते.

पायरी ३: फायद्याची ओळ

ओळ दहा शब्दांच्या आत बसवा. तिच्यात सुविधेचे नाव नको. ती वापरल्यावर हातात काय येते, ते हवे. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत फक्त नव्याने मिळणारी गोष्ट यावी. खालचे सगळे वर आहेच, हे एकदा बारीक अक्षरात सांगितले की पुरते.

एकहाती: बिले पाठवा, खर्च नोंदवा, कोणाकडून किती येणे आहे ते पाहा.
जोडी: तुमची आणि हिशेबनिसाची वही एकच, फाइली पाठवायला नकोत.
पेढी: प्रत्येक नोंद कोणी केली, कोणी बदलली, ते नावानिशी दिसते.

‘जोडी’च्या पहिल्या मसुद्यात बहुधा ‘बँकेशी आपोआप जुळवणी’ असे येते. ते वचन देऊ नका. ग्राहकाने तीन बिलांचे पैसे एकाच रकमेत भरले, किंवा बँकेने मधेच शुल्क कापून घेतले, की जमा रक्कम कोणत्याही एका बिलाशी जुळत नाही आणि माणसालाच निर्णय घ्यावा लागतो. ज्याला पहिल्याच महिन्यात अशा वीस नोंदी हाताने लावाव्या लागल्या, त्याला ‘आपोआप’ हा शब्द फसवणूक वाटतो. ‘जुळणाऱ्या नोंदी सुचवल्या जातात’ हे खरे आहे, आणि त्याची जागा प्लॅनखालच्या सुविधांच्या यादीत आहे. ‘चुका होणार नाहीत’ हेही तसेच लिहू नये: चुकीच्या खात्यात टाकलेला खर्चही वहीत बरोबर जुळतो.

पायरी ४: किंमत झाकून तपासा

ज्यांनी ॲप पाहिलेले नाही अशा पाच-सहा जणांना तीन नावे आणि तीन ओळी उलटसुलट क्रमाने, किंमत न लिहिता दाखवा. स्वस्तापासून महागापर्यंत लावायला सांगा, मग स्वतःसाठी कोणता घ्याल आणि का, ते विचारा. क्रम चुकला तर नाव बदला. ‘का’चे उत्तर देताना माणूस अडखळला, तर नावाला हात न लावता ओळ बदला.

बाजारात आल्यावर दोन खुणांवर लक्ष ठेवा. प्लॅन घेतल्यावर पहिल्या महिन्यातच बरेच जण तो बदलत असतील, तर ओळ वाचून त्यांना आपली जागा कळलेली नाही. दुसरी खूण जास्त गंभीर आहे: ‘एकहाती’च्या एकाच खात्यात दोन वेगळ्या यंत्रांवरून एकाच वेळी नोंदी होत राहणे. यात दरवेळी नवीन माणूस असेलच असे नाही; मालक फोन आणि संगणक दोन्ही उघडे ठेवतो. पण हे रोज घडत असेल तर बहुधा पासवर्ड वाटून घेतला आहे, आणि मग दोघांच्याही नोंदी एकाच नावावर चढतात. चूक सापडली तरी ती कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही. तिथे ओळ बदलून उपयोग नाही. एकहाती आणि जोडी यांच्या किमतींतले अंतर जास्त आहे, ते कमी करावे लागेल.