रॉयल्टीच्या हिशेबात या चुका टाळा : शॉर्ट वर्किंग्जची मुदत कधी संपते?

रॉयल्टीचं गणित बहुतेक वेळा गुणाकारात चुकत नाही, चुकतं ते करारातली वसुलीची अट नीट न वाचल्यामुळे. समजा, खाणीच्या पट्ट्यात रॉयल्टी टनाला 20 रुपये आहे आणि किमान भाडं वर्षाला 1,00,000 रुपये. रॉयल्टी कमी झाली तरी पट्टेदाराला किमान भाडं द्यावंच लागतं; हा फरक म्हणजे तूट, म्हणजेच शॉर्ट वर्किंग्ज. एखाद्या वर्षाची तूट त्याला पुढच्या दोन वर्षांच्या जास्तीच्या रॉयल्टीतून वसूल करता येते. चार वर्षांची रॉयल्टी अनुक्रमे 60,000, 90,000, 1,20,000 आणि 1,40,000 रुपये झाली.

पहिल्या वर्षी पट्टेदार 1,00,000 देतो आणि ती सगळी रक्कम खर्चात टाकून मोकळा होतो. इथेच पहिली चूक होते. खर्च 60,000 चाच आहे. उरलेले 40,000 पुढे वळते करून घ्यायचे असल्याने शॉर्ट वर्किंग्ज खात्याला नावे पडतात आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसतात. दुसऱ्या वर्षी त्यात 10,000 ची भर पडते.

तिसऱ्या वर्षी रॉयल्टी किमान भाड्यापेक्षा 20,000 ने जास्त आहे. तेवढीच वसुली होते, 50,000 ची नाही, कारण मालकाच्या हातात किमान भाडं पडलंच पाहिजे. ही वसुली आधी पहिल्या वर्षाच्या तुटीतून वजा करायची, कारण तिचीच मुदत आधी संपते. नफा-तोटा खात्याला मात्र पूर्ण 1,20,000 जातात, जरी दिले 1,00,000 च असले तरी.

आता खरी गोम. पहिल्या वर्षाचे उरलेले 20,000 तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बुडाले. ते त्याच वर्षी नफा-तोटा खात्यात टाकायचे. चौथ्या वर्षी 40,000 ची जागा आहे म्हणून अनेक जण 30,000 वसूल करून 1,10,000 देणं दाखवतात. बरोबर उत्तर 1,30,000 आहे, कारण जिवंत राहिलेत ते दुसऱ्या वर्षाचे 10,000. करारात ‘पट्ट्याच्या पहिल्या तीन वर्षांतच वसुली’ असं असतं, तर तेही तिसऱ्या वर्षअखेर बुडाले असते आणि देणं 1,40,000 झालं असतं. म्हणून तुटीला एकच आकडा न ठेवता वर्षवार रकाने पाडा.

जमीनमालकाकडेही उलट बाजूने हीच चूक होते : आलेलं किमान भाडं तो सरसकट उत्पन्न धरतो. त्याने पहिल्या वर्षी रॉयल्टी खात्याला 60,000 आणि पुढे वळते होऊ शकणारे 40,000 रॉयल्टी सस्पेन्स खात्याला जमा करायचे. तिसऱ्या वर्षी वसूल झालेले 20,000 सस्पेन्समधून रॉयल्टी खात्याला येतात आणि बुडालेले 20,000 त्याच्या नफा-तोटा खात्याला जमा होतात.

पडताळा सोपा आहे. प्रत्येक वर्षअखेर पट्टेदाराच्या शॉर्ट वर्किंग्जची नावे बाकी आणि मालकाच्या सस्पेन्सची जमा बाकी सारखी हवी : 40,000, 50,000, 10,000, शून्य. तिसऱ्या वर्षी एकाकडे 30,000 दिसले, तर त्याने बुडालेली रक्कम काढलेली नाही.